नव्वद युनिट कोणी खाल्ले?

कोल्हापूरला मावशीच्या घरी गच्चीवर सोलर बसलं आणि पहिल्या पूर्ण महिन्याचं बिल आलं, तेव्हा काकांनी मावसभावाला हाक मारली. भाऊ इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, त्यामुळे घरातला पंखा बंद पडला तरी जबाबदार तोच. काकांच्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात बिल. इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवर एप्रिलची निर्मिती 380 युनिट दिसत होती. बिलावर एक्स्पोर्ट होता 290. ‘मधले 90 युनिट कोणी खाल्ले?’

भाऊ आधी गप्प बसला. मग ग्रुपवर फोटो टाकून त्याने मला विचारलं, ‘ताई, खरंच चोरी आहे का गं?’

तुमच्या घरी, मामाकडे किंवा गावाकडे गेल्या दोन वर्षांत सोलर बसलं असेल, तर हा प्रश्न कधीतरी तुमच्याकडेही येणार. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान मिळू लागलं आणि गच्च्या निळ्या व्हायला लागल्या. पॅनल सगळ्यांना दिसतात. बिलातली वजाबाकी मात्र घरातल्या कुणाला तरी समजून घ्यावी लागते, आणि ते काम बहुतेक वेळा कॉलेजला जाणाऱ्याच्या गळ्यात पडतं.

तर 90 युनिट कुठे गेले? ते घरानेच खाल्ले. दुपारी पॅनल दोन किलोवॅट वीज देताहेत आणि घरात फ्रिज, दोन पंखे, टीव्ही मिळून अर्धा किलोवॅट लागतोय असं समजा. त्या क्षणी अर्धा किलोवॅट घरातल्या घरात संपतो आणि उरलेला दीड मीटरमधून बाहेर रस्त्यावरच्या तारेत जातो. नेट मीटर घराच्या दारात उभा असतो. आत काय शिजलं, कुणी किती खाल्लं, त्याला माहीत नसतं. दारातून काय बाहेर गेलं आणि काय आत आलं, एवढंच तो मोजतो. बाहेर गेलं तो एक्स्पोर्ट, आत आलं तो इम्पोर्ट. निर्मितीचा आकडा इन्व्हर्टरकडे असतो, आणि घराने थेट वापरलेले युनिट वीजबिलावर कुठेच उमटत नाहीत.

म्हणून आधी ही दोन समीकरणं वहीत लिहून ठेवा:

निर्मिती = थेट वापर + एक्स्पोर्ट
घराचा एकूण वापर = थेट वापर + इम्पोर्ट

मावशीकडे एप्रिलमध्ये निर्मिती 380, एक्स्पोर्ट 290, म्हणजे थेट वापर 90. इम्पोर्ट होता 210, तो मुख्यतः संध्याकाळ ते सकाळ. एकूण वापर 300. आता बिल कसं होतं बघा. इम्पोर्ट 210 मधून एक्स्पोर्ट 290 वजा. घराने घेतलं त्यापेक्षा दिलं जास्त, म्हणून बिलाचे युनिट शून्य आणि 80 युनिट पुढच्या महिन्यासाठी जमा. हे पैसे नसतात, युनिटच असतात. एका युनिटच्या बदल्यात एक युनिट, हाच नेट मीटरिंगचा गाभा. (नेट बिलिंग नावाचा वेगळा प्रकारही असतो. तिथे बाहेर दिलेल्या युनिटला वेगळा दर लावून रुपयांत हिशेब होतो. घरच्या करारावर यांपैकी कोणता शब्द आहे ते एकदा वाचाच.)

यातून एक मजेशीर गोष्ट निघते. ‘वॉशिंग मशीन दुपारीच लावा, सोलर चालू आहे’ असं सोलरवाल्या प्रत्येक घरात ऐकू येतं. पण दुपारी मशीन लावली तर एक युनिट कमी एक्स्पोर्ट होतो आणि रात्री लावली तर एक युनिट जास्त इम्पोर्ट होतो. वजाबाकीचं उत्तर तेच. साध्या नेट मीटरिंगमध्ये मशीन कधी लावली याने बिलात फरक पडत नाही. वेळेनुसार वेगवेगळा दर असेल तर हे गणित बदलतं, ते वेगळं.

‘मग शून्य युनिटलाही बिल का आलं?’ हा काकांचा दुसरा प्रश्न. कारण स्थिर आकार. तो कनेक्शन असण्याचा आकार आहे, वापराचा नाही. त्यावर 16 टक्के वीज शुल्कही लागतं. पॅनल विकणाऱ्याने ‘बिल झिरो’ म्हटलं असेल, तर तो युनिटबद्दल बोलत होता, रुपयांबद्दल नाही.

त्याच मंडळींनी मावशीकडे आणखी एक घोळ केला होता. नेट मीटर बसायच्या आधीच ‘टेस्टिंग’ म्हणून त्यांनी सिस्टीम चालू केली आणि बारा दिवस तशीच ठेवली. घरात जुना, एका दिशेचा मीटर होता. हे इलेक्ट्रॉनिक मीटर वीज बाहेर गेली तरी उलटे फिरत नाहीत. कुणी तारा उलट्या जोडून चोरी करू नये म्हणून ते दोन्ही दिशांची वीज वापर म्हणूनच मोजतात. म्हणजे मावशीने बारा दिवस फुकट वीज दिली आणि वर तिचंच बिल भरलं. नवा मीटर बसेपर्यंत सोलरचा स्विच खालीच ठेवायचा, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

पुढे वर्षभर भावाने वहीत जमा युनिट लिहिले. मे महिन्यात 30 ची भर, जमा 110. मग पावसाळा लागला. जूनमध्ये 20 कमी पडले, जुलैत 50, ते जमेतून गेले आणि उरले 40. ऑगस्टमध्ये निर्मिती 210 आणि वापर 270. 60 कमी पडले, जमेत 40 होते, म्हणून 20 युनिटचं बिल आलं. काकांना वाटलं पॅनल बिघडले. तसं नव्हतं, कोल्हापुरातला ऑगस्ट होता. सप्टेंबरला बरोबरी. ऑक्टोबरपासून आकाश मोकळं, थंडीत पंखे बंद, त्यामुळे जमा वाढतच गेली: डिसेंबरअखेर 250, फेब्रुवारीअखेर 500, मार्चअखेर 610.

काका खूश. एप्रिलमध्ये त्यांनी एसी घेतला. ‘610 युनिट बँकेत आहेत, दोन महिने आरामात.’

एप्रिलच्या बिलावर जमा युनिट होते शून्य.

इथेच सगळ्यात जास्त घरं फसतात. महाराष्ट्रात जमा युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात, पण फक्त आर्थिक वर्ष संपेपर्यंत. मार्चअखेर जे उरतात ते वीज कंपनी विकत घेते, राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने, आणि ती रक्कम बिलात वळती होते. हा दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. युनिटचे रुपये झाले आणि खातं पुन्हा शून्यापासून सुरू झालं.

एसीमुळे एप्रिलचा वापर 500 वर गेला. निर्मिती 380, म्हणून 120 युनिटचं बिल. मे महिन्यात वापर 560, निर्मिती 390, म्हणून 170 युनिटचं. दोन महिन्यांत 290 युनिट पूर्ण दराने विकत घेतले. त्याच्या दुप्पट युनिट आदल्याच महिन्यात स्वस्तात गेले होते. हिशेबाचं वर्ष सप्टेंबरला संपलं असतं तर थंडीतली जमा उन्हाळ्यात कामी आली असती. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर खातं रिकामं करणं मला पटत नाही, पण नियम असा आहे.

तरी एप्रिलचं बिल काकांना वाटलं तेवढं वाईट नव्हतं. घरगुती दर टप्प्यांत असतात: 100 पर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. दुसऱ्या टप्प्याचा युनिट पहिल्याच्या दुपटीच्या आसपास महाग, तिसरा त्याहून महाग. टप्पे लागतात ते वजाबाकीनंतर उरलेल्या युनिटना. सोलर नसतं तर 500 युनिटमधले 100 पहिल्या टप्प्यात, 200 दुसऱ्यात आणि 200 तिसऱ्यात पडले असते. सोलरचे 380 वजा झाले ते वरून. तिसरा टप्पा अख्खा गेला, दुसऱ्यातले 180 गेले. उरलेल्या 120 मध्ये 100 स्वस्त टप्प्यातले आणि फक्त 20 दुसऱ्यातले. सोलरची खरी बचत इथे होते.

आता बिल चुकलंय की नाही हे कसं ओळखायचं? मीटरवर आकडे आळीपाळीने येतात, त्यात इम्पोर्ट आणि एक्स्पोर्टची रीडिंग वेगवेगळी असतात. महिन्यातून एकदा, शक्यतो रीडिंग घेतात त्याच दिवशी, दोन्हींचा फोटो काढा आणि इन्व्हर्टरच्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट घ्या. मागच्या महिन्याचे आकडे वजा केले की बिल तुमच्यासमोर तयार. मग तीन गोष्टी बघा. एक्स्पोर्ट निर्मितीपेक्षा जास्त दिसतोय का? तसं होऊच शकत नाही. दिसत असेल तर रीडिंगची अदलाबदल झालीय किंवा जोडणी उलटी आहे. मीटरवर एक्स्पोर्ट वाढलाय पण बिलावर शून्य आहे का? मग रीडिंग घेतलेलंच नाही. आणि मागच्या बिलातली जमा या बिलाच्या सुरुवातीला तेवढीच आलीय का? मीटर बदलला असेल त्या महिन्यात हे नक्की तपासा. तक्रार करायची वेळ आली तर तारखेसह काढलेला फोटो कामी येतो, ‘अ‍ॅपवर तर एवढे दिसतात’ हे वाक्य नाही.

आकडे सगळे जुळले आणि तरी निर्मितीच कमी असेल, तर मामला मीटरचा नाही, गच्चीचा आहे. एक किलोवॅटला चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट धरतात. तीन किलोवॅटचे मार्चमध्ये दिवसाला सात-आठच येत असतील तर धूळ, शेजारच्या टाकीची सावली किंवा वारंवार ट्रिप होणारा इन्व्हर्टर यातलं काहीतरी असणार. लाइट गेल्यावर दुपारीही निर्मिती शून्य होते, तो मात्र बिघाड नव्हे. तारेवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम बंद पडतो.

या फेब्रुवारीत भावाचा पुन्हा मेसेज आला. वहीचा फोटो होता, जमा 500. खाली एक ओळ: ‘गॅसचा गीझर बंद केला, इलेक्ट्रिक लावला. आईला इंडक्शनवर आमटी करायला सांगितलंय. 31 मार्चपर्यंत जेवढे संपतील तेवढे संपवतो.’