एका किल्ल्याचे चार कारभारी

सांगवीत आमच्या भागातल्या एखाद्या इमारतीच्या पत्रपेट्या वाचत गेलात, तर सबनीस, कारखानीस, चिटणीस अशी नावे हमखास भेटतात. आज ती नुसती आडनावे आहेत. बखरींत ती माणसे कामावर हजर असतात.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवछत्रपतींची बखर लिहिली. तीत गडाच्या बंदोबस्ताचे वर्णन आहे. उभा जन्म बँकेत गेल्यामुळे असेल, पण लढायांपेक्षा मला तेच अधिक वाचावेसे वाटते.

गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी एकाच दर्जाचे. अरबी ‘हवाला’ म्हणजे सोपवणे; ज्याच्याकडे गड सोपवला तो हवालदार. दरवाजे आणि किल्ल्या त्याच्या ताब्यात. ‘नौबत’ म्हणजे पाळी. पहारेकऱ्यांचा मुख्य तो सरनोबत. शेवटी ‘नीस’ दिसला की लेखणी आली असे समजावे. तो फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. सबनीस माणसांची हजेरी आणि हिशेब लिही. चौथा कारखानीस. ‘कारखाना’ म्हणजे इथे गिरणी नव्हे, कोठार. धान्य आणि सामानाचा जमाखर्च त्याच्याकडे.

आता समजा, शिपायांना महिन्याचे धान्य द्यायचे आहे. माणसे किती, हे सबनिसाचा कागद सांगणार. कोठारात शिल्लक किती, हे कारखानिसाचा. सबनिसाने दहा खोटी नावे घातली, तर ती माणसे सरनोबताच्या पहाऱ्यावर दिसायला हवीत. कारखानिसाने पोती लांबवायची म्हटली, तरी दरवाजा हवालदाराचा. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या दोघांकडे असतात, त्यामागची युक्ती हीच. सभासदाने कारणही दिले आहे: एकाच्याच हाती सारे असले, तर तो शत्रूला फितून गड देईल. म्हणून तिघांनी मिळूनच कारभार करायचा.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास वरच्या पदांना संस्कृत नावे मिळाली. मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव, डबीर सुमंत. राज्यव्यवहारकोशही तयार झाला. पण गडावरचा हवालदार हवालदारच राहिला. रोजच्या तोंडातले शब्द सहजी बदलत नाहीत.

मात्र नुसत्या पदनावावरून माणसाचे वजन ठरवू नये. सरनोबत गडावरही असे आणि साऱ्या फौजेचाही. फडणीस मूळचा ‘फर्दनवीस’, म्हणजे हिशेबाचे बंद लिहिणारा. पण नाना फडणीसांनी पेशव्यांचे राज्य चालवले. कोतवाल तर आणखी गमतीचा. शहराचा बंदोबस्त पाहणारा हा अधिकारी आपण फारसी दरबाराचा मानतो, पण शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘कोट्टपाल’ आहे. इथला कोटाचा राखणदार फारसी पोशाख घालून परत आला, इतकेच.

तेव्हा बखर वाचताना पदनाव आले की पुढे जाऊ नये. याच्याकडे किल्ली होती की लेखणी, एवढे विचारावे. पुष्कळसा कारभार तिथेच उलगडतो.