दुकानाचा फोन भाचीच्या हाती देताना

येवल्यातलं एखादं लहानसं पैठणीचं दुकान डोळ्यांसमोर आणा. लग्नसराई सुरू आहे. मालकीणबाईंचे दोन्ही हात साड्या उलगडण्यात आणि घड्या घालण्यात अडकलेत, आणि गल्ल्यावरचा फोन सारखा वाजतोय. इन्स्टाग्रामवर कुणी 'पीपी' लिहून किंमत विचारतंय, व्हॉट्सॲपवर कुणी "हीच राणी रंगात मिळेल का?" म्हणतंय. मग कॉलेजात शिकणाऱ्या भाचीला सांगितलं जातं, "रोज संध्याकाळी दोन तास एवढं बघशील का गं?" भाची तयार होते. फोटो, रील, स्टेटस हे सगळं तिला मावशीपेक्षा चांगलं येतं. तरी आठवड्याच्या आत ती एका गिऱ्हाइकाला लिहून बसते, "हो ताई, सिल्क मार्क आहे, म्हणजे हातमागाचीच."

हे उत्तर चूक आहे. सिल्क मार्कचं लेबल कापड शुद्ध रेशमाचं आहे एवढंच सांगतं. ते हातमागावर विणलं की यंत्रमागावर, याबद्दल ते काहीच बोलत नाही; त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. मावशीला हे इतकं अंगवळणी पडलंय की ते सांगावं लागेल असं तिच्या मनातही आलं नाही.

म्हणून दुकानासाठी जो कागद लिहून ठेवायचा, त्यात 'पोस्ट कशी टाकायची' हे लिहिण्यात वेळ घालवू नये. मालकाच्या डोक्यात असलेलं, पण कधीच न बोललं गेलेलं तेवढं त्यात आलं पाहिजे. आता ते न बोललेलं बाहेर कसं काढायचं? आठवत बसून ते निघत नाही. मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या चॅट उघडायच्या आणि गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत एका वहीत उतरवायचे. पानभर लिहून होईपर्यंत लक्षात येतं की तेच दहा-बारा प्रश्न फिरून फिरून येताहेत: किंमत, रंग, ओरिजिनल आहे का, ब्लाउजपीस आहे का, फॉल-पिको करून देता का, पुण्याला किती दिवसांत पोचेल, परत घेता का, शेवटचं किती.

या प्रश्नांपुढे मावशीने स्वतः पूर्वी दिलेली उत्तरं तशीच घ्यावीत, कारण दुकानाची बोलण्याची ढब त्यांतच असते. सुधारून 'आदरणीय ग्राहक' वगैरे करू नये. मावशी "नमस्कार ताई, ब्लाउजपीस साडीलाच जोडून आहे, वेगळा घ्यावा लागणार नाही" असं लिहीत असेल, तर भाचीनेही तेच लिहावं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये अशी उत्तरं क्विक रिप्लाय म्हणून साठवता येतात. `/pico` टाइप केलं की फॉल-पिकोचं पूर्ण उत्तर समोर येतं, पाठवण्याआधी त्यात बदलही करता येतो. मात्र किंमत किंवा शिल्लक माल यांसारखं रोज बदलणारं काही त्यात साठवू नये. मागच्या महिन्यातली किंमत एका बोटासरशी पाठवली जाते आणि मग भांडत बसावं लागतं.

आता वहीतल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक खूण करायची: हे भाचीने लगेच सांगावं, हे बघून सांगावं, की इथे थांबून मावशीला विचारावं. सगळ्या कागदात महत्त्वाचं काम हेच. ब्लाउजपीस, दुकानाची वेळ, पत्ता ही उत्तरं लगेच द्यायची. 'आहे का अजून?' याचं उत्तर रजिस्टर बघून. हातमागाची आहे का आणि जर कोणती, हे साडीच्या चिठ्ठीवर लिहिलं असेल तेवढंच सांगायचं, अंदाजाने एक शब्दही नाही. हातमागाच्या पैठणीचा पदर उलट्या बाजूनेही जवळजवळ तसाच नीटस दिसतो, यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात, हे भाचीला दाखवून ठेवावंच. पण फोटो बघून निदान करण्याची जबाबदारी तिच्यावर टाकू नये. जरीचंही तसंच. टेस्टेड जर तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा देऊन करतात. तिला नुसतं 'चांदीची जर' म्हटलं तर ती थाप ठरते, आणि ती लिहून दिलेली असते.

थांबायच्या जागा मोजक्या आणि ठळक असाव्यात. घासाघीस, माल खराब निघाल्याची तक्रार, पैसे परत करणं, उधारी, आणि एकदम बऱ्याच साड्यांची चौकशी म्हणजे बस्ता. इथे 'मावशीला विचार' एवढंच लिहून भागत नाही, कारण मावशी गिऱ्हाइकात असते आणि समोरचा माणूस वाट बघत असतो. तोवर काय लिहायचं तेही कागदावर हवं: "ताई, भावाचं मावशीच सांगतील. आज रात्री नऊच्या आत कळवते." आणि नऊच्या आत कळवायचं हे मावशीनेही पाळायचं. भाचीला थोडी मोकळीक द्यायची असेल तर ती स्पष्ट द्यावी, म्हणजे फॉल-पिको मोफत करून द्यायचा अधिकार तिला आहे, किमतीतून एक रुपयाही कमी करायचा नाही.

कागद किती नेमका हवा हे एका प्रसंगावरून बघू. रविवारी संध्याकाळी सहाला भाची ११४ नंबरच्या साडीचा फोटो टाकते: राणी रंग, मुनिया काठ, पदरावर मोर. हातमागाची साडी, एकच नग. साडेसहापर्यंत तिघींचे निरोप. पहिली म्हणते, "मस्त! ठेवा माझ्यासाठी." दुसरी विचारते, "व्हिडिओ कॉलवर दाखवाल का?" तिसरी पैसे भरल्याचा स्क्रीनशॉटच पाठवते. साडी कुणाची? मावशी असती तर चेहरे आणि जुनी ओळख बघून तिने क्षणात ठरवलं असतं. भाचीकडे ती ओळख नाही, म्हणून तिच्यासाठी नियम लागतो. समजा कागदावर असं आहे: "तोंडी 'ठेवा' म्हणणारीसाठी दोन तास ठेवायची. त्या वेळेत आगाऊ रक्कम आली नाही तर पुढचीला विचारायचं. पैसे मागितल्याशिवाय कुणी पाठवले तर 'साडी तुमचीच' असं लिहायचं नाही."

मग भाची पहिलीला लिहिते, "ताई, साडेआठपर्यंत ठेवते, तोवर आगाऊ रक्कम आली की पक्की." दुसरीला ती आपण दुसऱ्या नंबरावर आहोत हे खरं ते सांगते आणि व्हिडिओवर साडी दाखवते. उरली तिसरी. इथे कागदावर लाल अक्षरांत एक ओळ हवी: स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खोटा स्क्रीनशॉट बनवणं सोपं असतं. दुकानाच्या यूपीआय ॲपमध्ये किंवा बँकेच्या खात्यात रक्कम दिसली, तरच ती आली. भाचीच्या हातात ते ॲप नसावं हेच बरं, म्हणून ती मावशीला नुसतं "११४, पाच हजार, आले का?" असं विचारते. आले असतील तर पहिलीची मुदत संपेपर्यंत तिसरीला थांबायला सांगायचं, साडी गेली तर रक्कम मावशी परत करेल. "चुकून जास्त गेले, ताबडतोब परत पाठवा" असा निरोप आला तर भाचीने काहीच करायचं नाही. आणि पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे तिला ठाऊक असेल तरी लिहावं.

साडी गेली की त्याच क्षणी रजिस्टरमध्ये, कॅटलॉगमध्ये आणि पोस्टखाली 'गेली' अशी नोंद करायची, कारण स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं, पण इन्स्टाग्रामवरचा फोटो राहतो आणि त्यावर पुढच्या दिवाळीतही कुणी 'पीपी' लिहितं.

पोस्टबद्दल कागदावर फार नको. फोटो दिवसाच्या उजेडात दाराशी काढायचा, कारण दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली मोरपंखी वेगळाच दिसतो आणि रंगाच्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. फोटोखाली नंबर, हातमाग की यंत्रमाग, ब्लाउजपीस, किंमत. किंमत लपवून 'इनबॉक्स केलंय' लिहायची पद्धत मला पटत नाही. त्याने दुकानाचंच उत्तरं द्यायचं काम दुप्पट होतं. पण दुकानाची रीत तशी असेल तर तीच कागदावर यावी. गिऱ्हाइकाने साडी नेसून पाठवलेला फोटो तिला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. पोस्टखाली कुणी रागाने लिहिलं तर ते पुसायचं नाही आणि वादही घालायचा नाही. "ताई, फोटो आणि बिल मेसेजमध्ये पाठवाल का, आज मावशी स्वतः फोन करतील" एवढं लिहून मावशीला कळवायचं.

आता फोन हाती देण्याचं. मावशीचा फोन भाचीकडे सोपवू नये आणि सहा आकडी कोड कुणालाही सांगू नये. व्हॉट्सॲप बिझनेस मुख्य फोनखेरीज आणखी चार उपकरणांवर जोडता येतं, तेव्हा भाचीचा फोन किंवा लॅपटॉप 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून जोडावा. मुख्य फोन चौदा दिवस वापरलाच नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप सुटतात. मावशी तीर्थयात्रेला निघाली आणि फोन बंद ठेवला तर ही अडचण नेमकी येते. जोडलेल्या फोनवर चॅटही दिसतात, म्हणून मावशीचे घरगुती निरोप त्याच नंबरवर असतील तर दुकानाचा नंबर आधी वेगळा करावा. फेसबुक पेज आणि त्याला जोडलेल्या इन्स्टाग्रामसाठी मेटा बिझनेस सूटमधून भाचीच्या स्वतःच्या खात्याला ठरावीक कामांचा अधिकार देता येतो, पासवर्ड द्यावा लागत नाही.

चुकीचं काही गेलंच तर काय, हेही एका ओळीत लिहावं. व्हॉट्सॲपवरचा निरोप पंधरा मिनिटांत सुधारता येतो आणि साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी पुसताही येतो, पण गिऱ्हाइकाने किंमत वाचली असेल तर पुसू नये. खाली "ताई, माझी चूक झाली, बरोबर किंमत ही" असं लिहावं आणि मावशीला सांगावं.

कागद पुरा झाला की एक संध्याकाळ भाचीने त्याच्याच आधाराने उत्तरं द्यावीत आणि मावशीने शेजारी बसून तोंड बंद ठेवावं. दुसरी अट मोठी कठीण. भाची मान वर करून जेव्हा जेव्हा "मावशी, हे...?" विचारेल, तिथे कागदात एक ओळ कमी आहे, ती तेव्हाच लिहून टाकावी. वर तारीख घालावी, कारण कुरियरचे दर आणि दुकानाची वेळ बदलते आणि जुना कागद नव्यासारखाच दिसतो. भाचीची परीक्षा आली आणि तिच्या जागी दुसरी मुलगी आली, तर नवा फोन जोडण्याआधी 'लिंक्ड डिव्हायसेस'च्या यादीतून भाचीचा फोन काढून टाकायचा, बिझनेस सूटमधलं तिचं नावही काढायचं आणि मगच कागद पुढच्या हातात द्यायचा.