नोंदी मागा, रिपोर्ट नको

गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत एक प्रश्न हमखास येतो: थकबाकी किती, आणि कधीपासूनची? पहिल्या भागाचं उत्तर बिलिंगचं सॉफ्टवेअर बटण दाबताच देतं. दुसऱ्या भागाशी बरीच सॉफ्टवेअरं अडखळतात. मग खजिनदार रविवारी बसून पीडीएफमधले आकडे एक्सेलमध्ये उतरवतात. शेवटी कमिटीत कोणीतरी वैतागून म्हणतं, "त्या कंपनीला पत्र टाका, सगळा डेटा द्या म्हणावं." पत्र जातं, आठवड्याभरात ईमेलने एक फाइल येते आणि तिच्यात स्क्रीनवर दिसणारा तोच रिपोर्ट असतो.

यात कंपनीची लबाडी असतेच असं नाही. सपोर्टला बसलेल्या मुलाला 'सगळा डेटा' एवढंच कळलेलं असतं आणि त्याच्या हाताशी 'एक्स्पोर्ट' नावाचं एक बटण असतं. मोघम मागणीला मोघम फाइल मिळते.

रिपोर्ट आणि नोंदी यांतला फरक एका सदस्याच्या खात्यावरून बघू. समजा, महिन्याचं बिल ३,५०० रुपये आहे. एप्रिल ते सप्टेंबर अशी सहा बिलं निघाली, म्हणजे २१,००० रुपये. सदस्याने ऑगस्टअखेर एकदाच १०,५०० रुपये भरले. थकबाकी उरली १०,५००. रिपोर्ट हा एकच आकडा दाखवतो. पण ते पैसे कोणत्या बिलांपोटी जमा झाले? सर्वांत जुन्या बिलांपोटी धरले, तर एप्रिल ते जून फिटले आणि जुलै ते सप्टेंबर बाकी राहिले. सदस्याने 'जून ते ऑगस्ट' असं लिहून दिलं आणि ते तसंच जमा केलं, तर एप्रिल, मे आणि सप्टेंबर बाकी राहतात. थकबाकी तेवढीच, पण तिचं वय वेगळं आणि त्यामुळे व्याजही वेगळं. प्रकरण वसुली दाखल्यासाठी उपनिबंधकांकडे गेलं (जुने लोक अजून 'एकशे एकची केस'च म्हणतात), तर महिनावार खातेउताराच लागतो. तिथे नुसती बेरीज कामाची नाही.

म्हणून पत्रात नोंदींचे प्रकार नावानिशी लिहावेत. मजकूर साधारण असा:

"आमच्या संस्थेच्या खात्यातील, सुरुवातीपासून ३० सप्टेंबरअखेरपर्यंतच्या मूळ नोंदी हव्या आहेत; तयार अहवाल नकोत. सदस्य व सदनिका, प्रत्येक बिल व त्यातील प्रत्येक बाब, प्रत्येक पावती, कोणती पावती कोणत्या बिलापोटी किती रकमेची जमा झाली, व्याजाची आकारणी, जमाखर्चाच्या दुरुस्त्या, आणि रद्द केलेली बिले व पावत्या. प्रत्येक प्रकाराची स्वतंत्र फाइल असावी आणि प्रत्येक नोंदीला तिचा मूळ क्रमांक असावा."

या यादीत सहसा दोन गोष्टी गळतात. पहिली म्हणजे पावती आणि बिल यांना जोडणारी फाइल. ती नसेल तर वरच्या सदस्याचा गुंता सुटत नाही. दुसरी म्हणजे रद्द केलेल्या नोंदी. चेक परत आला की पावती रद्द होते आणि कित्येक सॉफ्टवेअरं ती एक्स्पोर्टमधून वगळतात. मग पावती क्रमांक ४१७ नंतर थेट ४१९ दिसतो आणि लेखापरीक्षक ४१८ कुठे गेली म्हणून विचारतात.

फाइलचा प्रकारही ठरवून मागावा. सीएसव्ही ही साधी मजकुराची फाइल असते आणि जवळजवळ कुठल्याही सॉफ्टवेअरला ती वाचता येते. पण तिच्यावर डबलक्लिक केलं की एक्सेल आपलं शहाणपण दाखवतं. ००४५१२ हा चेक क्रमांक ४५१२ होतो, ३-१२ या सदनिकेची तारीख होते आणि मराठी नावांच्या जागी कधीकधी अगम्य चिन्हं येतात. अशा वेळी फाइल बिघडली असं समजू नये. एक्सेलच्या `Data` मेनूतून ती `UTF-8` निवडून आत घ्यावी आणि क्रमांकांचे रकाने 'मजकूर' म्हणून ठेवावेत. एवढं करूनही नावं वाचता येत नसतील, तर ती बहुधा युनिकोडपूर्व काळातल्या एखाद्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. मग 'मराठी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून द्यावा' अशी ओळ पत्रात आधीच घातलेली बरी.

माझ्या मते पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य मात्र हे: "प्रत्येक फाइलसोबत तिच्यातील एकूण नोंदी, रकमेची बेरीज आणि फाइल काढल्याची तारीख-वेळ कळवावी." १,००० ओळींवर कापल्या गेलेल्या फाइलही मी पाहिल्या आहेत, आणि त्या दिसायला अगदी पूर्ण असतात. फाइल आली की आधी ओळी मोजायच्या. मग सुरुवातीच्या बाकीत बिलं आणि व्याज मिळवून, पावत्या वजा करून, दुरुस्त्या जमेस धरून येणारा आकडा त्याच तारखेच्या तेरीजपत्रकातल्या सदस्यांकडील येण्याशी ताडायचा. दोन्ही जुळले नाहीत, तर कंपनीला नेमका फरक कळवता येतो.

हे काम वर्षातून एक-दोनदाच लागत असेल तर एक्स्पोर्ट पुरे. रोज ताजा तक्ता हवा असेल, तर एपीआय मागावा लागतो. एपीआय म्हणजे एका प्रणालीने दुसरीकडून ठरलेल्या पद्धतीने नोंदी मागण्याची सोय. मागणी साधारण अशी दिसते:

```
GET /receipts?updated_since=2025-10-01&page=1
```

अमुक तारखेनंतर बदललेल्या पावत्या, पहिलं पान, असा याचा अर्थ. इथे पावतीची तारीख चालत नाही, बदलाची तारीखच लागते. २८ सप्टेंबरचा चेक खजिनदारांनी १० ऑक्टोबरला नोंदवला, तर पावतीच्या तारखेवरून शोधणाऱ्या तक्त्यात तो येणारच नाही. रद्द झालेली नोंदही 'रद्द' अशा खुणेसह आली पाहिजे. ती नुसती गायब झाली, तर आपल्याकडची जुनी प्रत तशीच राहते आणि बेरीज चुकत जाते. परवानगी फक्त वाचनाची मागावी आणि ती संस्थेच्या नावे असावी. खजिनदारांच्या वैयक्तिक ईमेलवर घेतलेली किल्ली कमिटी बदलली की हरवते. रिपोर्टसाठी सदस्यांचे फोन नंबर लागत नाहीत, त्यामुळे ते रकाने न मागितलेलेच बरे.

कंपनी नाही म्हणाली तर? युरोपीय संघात १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला डेटा कायदा क्लाउड सेवेच्या ग्राहकाला आपला डेटा घेऊन दुसरीकडे जाण्याचा हक्क देतो. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात असा स्थलांतराचा हक्क नाही. म्हणजे आधार उरतो तो कराराचा. करारात डेटा परत देण्याचं कलम असेल तर त्याचा क्रमांक पत्रात लिहावा. नसेल तर नूतनीकरणाचे पैसे देण्याच्या दीड-दोन महिने आधी पत्र पाठवावं, म्हणजे बोलणी करायला जागा राहते. 'डेटाबेसची रचना आमची मालमत्ता आहे' हे उत्तर आलं, तर त्यावर वाद घालण्याची गरज नाही. रचना त्यांचीच राहू दे, आपण रकान्यांतला मजकूर मागतो आहोत. फक्त त्या रकान्यांचा अर्थ सांगणारं एक पान सोबत मागावं, कारण 'स्थिती: ३' म्हणजे रद्द की थकीत, हे फाइलवरून कळत नाही. या कामाचं शुल्क सांगितलं, तर ते लेखी आणि एकरकमी घ्यावं, आणि वरची बेरीज जुळल्यावरच द्यावं.