हॉल परिणाम: पट्टीच्या कडांमधून वाहकांची ओळख

धातूच्या किंवा अर्धवाहकाच्या पातळ पट्टीतून लांबीच्या दिशेने विद्युतप्रवाह सोडला आणि तिच्या सपाट पृष्ठाला लंब असे चुंबकीय क्षेत्र लावले, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये आडवे विभवांतर निर्माण होते. याला हॉल परिणाम म्हणतात. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या विद्यार्थ्याने 1879 मध्ये तो शोधला. प्राध्यापक हेन्री रोलंड यांच्या सल्ल्यावरून त्याने काचेवर चिकटवलेला सोन्याचा वर्ख वापरला. इलेक्ट्रॉनचा शोध 1897 चा. त्यामुळे धातूतून नेमके काय वाहते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या प्रभारित कणावर त्याच्या गतीला आणि क्षेत्राला लंब असे बल लागते. पट्टीतले वाहक त्यामुळे एका कडेकडे ढकलले जातात. तिथे त्यांचा प्रभार साचतो आणि समोरच्या कडेवर विरुद्ध प्रभार उरतो. या दोन कडांमध्ये तयार झालेले विद्युतक्षेत्र पुढच्या वाहकांना उलट दिशेने रेटते. दोन्ही बले सारखी झाली की साचणे थांबते, आणि त्या क्षणी कडांमध्ये जे विभवांतर असते तेच हॉल विभवांतर होय. समतोल साधायला अत्यल्प वेळ लागतो, म्हणून मोजमापात ते स्थिरच दिसते.

वाहकांचा प्रकार या विभवांतराच्या चिन्हावरून कळतो. समजा, प्रवाह डावीकडून उजवीकडे आहे आणि चुंबकीय क्षेत्र कागदात शिरणारे आहे. वाहक धन असतील तर ते उजवीकडे जातात आणि बल त्यांना वरच्या कडेकडे नेते. वाहक ऋण असतील तर ते डावीकडे जातात. पण प्रभार आणि गती ही दोन्ही उलटल्यामुळे बल वरच्याच दिशेने राहते. म्हणजे वाहक कोणतेही असोत, ते वरच्याच कडेला जमतात. ती कड धन निघाली तर वाहक धन, ऋण निघाली तर वाहक ऋण.

वाहकांची घनता विभवांतराच्या आकारावरून मिळते. तेवढाच प्रवाह थोड्या वाहकांना वाहून न्यायचा असेल तर प्रत्येकाला अधिक वेगाने जावे लागते. वेग वाढला की चुंबकीय बल वाढते आणि ते तोलायला मोठे विभवांतर लागते. हाच संबंध सूत्रात असा येतो:

n = IB/(qtV)

येथे n ही घनता, I प्रवाह, B चुंबकीय क्षेत्र, q एका वाहकाचा प्रभार, t पट्टीची जाडी आणि V हॉल विभवांतर आहे. जाडी छेदात असल्याने पट्टी जितकी पातळ तितके विभवांतर मोठे. हॉलला वर्ख उपयोगी पडला तो यामुळेच.

जर्मेनियमच्या 0.5 मिलिमीटर जाडीच्या पट्टीतून 4 मिलिअँपिअर प्रवाह जात आहे आणि क्षेत्र 0.2 टेस्ला आहे, असे समजू. कडांमध्ये 13 मिलिव्होल्ट दिसतात. क्षेत्राची दिशा उलटल्यावर मात्र −13 ऐवजी −7 मिलिव्होल्ट येतात. कडांवरची दोन टोके एकमेकांसमोर अचूक बसलेली नसली की असे होते. मग पट्टीच्या लांबीवर रोधामुळे पडणाऱ्या विभवांतराचा थोडा भाग मोजमापात मिसळतो. हा भाग क्षेत्र उलटले तरी बदलत नाही, हॉल विभवांतराचे चिन्ह मात्र बदलते. म्हणून दोन वाचनांतील फरकाचा निम्मा भाग, म्हणजे 10 मिलिव्होल्ट, हे खरे हॉल विभवांतर. उरलेले 3 मिलिव्होल्ट ही टोकांची चूक. टोकांच्या तापमानातील फरकामुळे येणारे विभवांतर वगळण्यासाठी प्रवाहही उलटून पाहतात.

सूत्रात 10 मिलिव्होल्ट घातल्यावर घनता दर घनसेंटिमीटरला 10¹⁵ वाहक अशी येते. तांब्यात ती सुमारे 8.5 × 10²² असते. त्यामुळे याच मापांच्या तांब्याच्या पट्टीत हॉल विभवांतर व्होल्टच्या दहा अब्जाव्या भागाएवढेच भरले असते. अर्धवाहकांत हे मोजमाप सोपे आणि धातूंत अवघड जाते, ते यामुळे.

हे साधे सूत्र एकाच प्रकारचे वाहक असतील तेव्हाच लागू पडते. पी-प्रकारच्या जर्मेनियममध्ये प्रवाह मुख्यतः ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, वाहून नेतात आणि त्या धन वाहकांसारख्या वागतात. पट्टी तापवली की इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या नव्या जोड्या तयार होऊ लागतात. दोघेही एकाच कडेकडे जातात, पण त्यांचे प्रभार एकमेकांना खोडतात. इलेक्ट्रॉन अधिक चपळ असल्याने त्यांची संख्या होलपेक्षा कमी असतानाच विभवांतर शून्यावर येते आणि पुढे त्याचे चिन्ह उलटते. त्या शून्यापाशी सूत्र वापरले तर घनता अनंत निघेल. म्हणून वेगवेगळ्या तापमानांना मोजमाप घेऊन, ज्या पट्ट्यात विभवांतर जवळपास स्थिर राहते तिथलेच मूल्य घनतेसाठी धरतात.