एका नोंदीचा फरक : क्लाउडमधले पब्लिक आणि प्रायव्हेट सबनेट

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये ग्राहकाला स्वतःपुरते वेगळे आभासी नेटवर्क आखता येते. त्याला व्हीपीसी म्हणतात. व्हीपीसीचे तुकडे म्हणजे सबनेट. त्यांतले काही पब्लिक असतात, काही प्रायव्हेट. मात्र सबनेट तयार करताना ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असा पर्याय निवडायचा नसतो. हा फरक ठरतो तो त्या सबनेटला जोडलेल्या राउट टेबलमधल्या एका नोंदीवरून.

मुंबई रीजनमध्ये चालवायच्या एका ऑनलाइन दुकानाचे उदाहरण घेता येईल. ग्राहकांच्या विनंत्या स्वीकारणारा लोड बॅलन्सर इंटरनेटला सामोरा हवा. ऑर्डर हाताळणारे सर्व्हर आणि डेटाबेस मात्र बाहेरच्या कोणालाही थेट गाठता येता कामा नयेत. या नेटवर्कला `10.0.0.0/16` हा पट्टा दिला, की ६५,५३६ पत्ते हाती येतात. पट्टा निवडताना कार्यालयाच्या किंवा दुसऱ्या व्हीपीसीच्या नेटवर्कमध्ये तेच पत्ते नाहीत ना, हे आधी पाहावे लागते; तसे असल्यास पुढे ती दोन नेटवर्क थेट जोडता येत नाहीत.

एक अव्हेलेबिलिटी झोन बंद पडला तरी दुकान चालू राहावे म्हणून दोन झोन घेतले जातात आणि प्रत्येकात एक पब्लिक, एक प्रायव्हेट असे सबनेट आखले जाते. पब्लिक सबनेटना `10.0.0.0/24` आणि `10.0.1.0/24`, तर प्रायव्हेटना `10.0.10.0/24` आणि `10.0.11.0/24` हे पट्टे देता येतात. प्रत्येकात २५६ पत्ते असतात, पण पाच पत्ते अ‍ॅमेझॉन राखून ठेवते, त्यामुळे वापरायला २५१ उरतात.

आता राउट टेबल. व्हीपीसीच्या आतल्या पत्त्यांची नोंद प्रत्येक टेबलमध्ये आपोआप असते. `0.0.0.0/0` म्हणजे ‘उरलेला कोणताही पत्ता’. त्याची वाट कुठे जाते, एवढाच प्रश्न असतो :

```
पब्लिक      0.0.0.0/0  →  igw-...
प्रायव्हेट    0.0.0.0/0  →  nat-...
```

पहिली वाट इंटरनेट गेटवेकडे जाते. तिथून दोन्ही दिशांनी ये-जा होऊ शकते, मात्र त्यासाठी सर्व्हरला स्वतःचा पब्लिक आयपी पत्ता लागतो आणि सिक्युरिटी ग्रुपची परवानगीही लागते. दुसरी वाट नॅट गेटवेकडे जाते.

नॅट गेटवेची गरज पडते, कारण प्रायव्हेट सर्व्हरलाही कधीतरी बाहेर जावे लागते : सॉफ्टवेअरचे अपडेट आणायला किंवा पेमेंट सेवेशी बोलायला. समजा, `10.0.10.25` हा सर्व्हर अपडेट मागतो. त्याचे पॅकेट नॅट गेटवेकडे पोहोचते. गेटवे पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता पुसून तिथे स्वतःचा पत्ता आणि एक पोर्ट क्रमांक घालतो आणि ही अदलाबदल लक्षात ठेवतो. पुढे इंटरनेट गेटवे त्याला नॅट गेटवेचा इलॅस्टिक आयपी, म्हणजे न बदलणारा पब्लिक पत्ता लावतो. उत्तर परत आले, की त्याच नोंदीवरून ते `10.0.10.25` कडे जाते. बाहेरून कोणी आपणहून संपर्क साधू पाहिला, तर त्याच्यासाठी अशी नोंदच नसते, म्हणून ते पॅकेट आत पोहोचत नाही.

यावरूनच नॅट गेटवेची जागा ठरते. तो प्रायव्हेट सबनेटसाठी काम करतो, पण त्याला स्वतःला बाहेर पडता यायला हवे, म्हणून तो पब्लिक सबनेटमध्येच ठेवावा लागतो. चुकून प्रायव्हेटमध्ये ठेवला, तर त्याची स्थिती ‘Available’ दिसते आणि तरीही काही बाहेर जात नाही. लक्षणही फसवे असते : साइटच्या नावाचा पत्ता सापडतो, कारण व्हीपीसीतली डीएनएस सेवा नॅटमधून जात नाही, जोडणी मात्र ताटकळते आणि शेवटी टाइमआउट होते. तपासायला प्रायव्हेट सर्व्हरवर एक आज्ञा पुरते :

```
curl https://checkip.amazonaws.com
```

उत्तरात नॅट गेटवेचा इलॅस्टिक आयपी आला, तर वाट बरोबर आहे. नाही आला, तर प्रायव्हेट राउट टेबल आणि नॅट गेटवे ज्यात आहे त्या सबनेटचे राउट टेबल, ही दोन्ही तपासावीत. नॅट गेटवे काढून टाकला असेल, तर त्याच्या नोंदीपुढे ‘Blackhole’ दिसते.

नेहमीचा नॅट गेटवे एकाच झोनमध्ये असतो. दोन्ही झोनमधले सर्व्हर एकाच गेटवेवर सोडले आणि नेमका तोच झोन बंद पडला, तर दुसऱ्या झोनमधल्या सर्व्हरचीही बाहेरची वाट तुटते. म्हणून प्रत्येक झोनमध्ये एक नॅट गेटवे आणि प्रायव्हेट सबनेटला आपापल्या झोनच्या गेटवेकडे नेणारे वेगळे राउट टेबल, अशी रचना करतात. गेटवेचे शुल्क तासांवर आणि त्यातून जाणाऱ्या डेटावर लागते, म्हणून ही रचना महाग पडते. दुकानाची छायाचित्रे एस-३ साठवणीत असतील, तर तिथली वाहतूक गेटवे एंडपॉइंटमधून वळवता येते. त्याला वेगळे शुल्क नाही. मग नॅट गेटवेमधून केवळ खरोखर इंटरनेटवर जाणारी वाहतूक जाते.