अंगठा चालतो, पण भान हवं

समजा, साताऱ्यात राहणाऱ्या सत्तरीच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. बुद्धी शाबूत आहे, पण उजवा हात हलत नाही. ब्रॉडबँड आणि फिटनेस क्लब यांचे पैसे मात्र दरमहा खात्यातून कापले जातायत. पुण्याची मुलगी फोन करते, तर समोरून एकच उत्तर मिळतं: खातेदाराशीच बोलू. ते त्यांच्या जागी बरोबरही असतं, कारण करार वडिलांचा आहे.

अशा वेळी मुलीच्या नावे विशेष मुखत्यारपत्र करावं. सही जमत नसेल, तर अंगठा चालतो. मजकूर वाचून समजावून दिल्याची नोंद, साक्षीदार, नोटरी आणि शक्य तर वडील पूर्ण भानावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला एवढं जमवावं. खरी मेख मजकुरात असते. ‘माझे सर्व व्यवहार पाहावेत’ एवढ्यावर अनेक बँका अडतात, कारण मुखत्यारपत्रातल्या अधिकाराचा अर्थ काटेकोरपणे लावला जातो. म्हणून ‘आपोआप वजावटीची संमती रद्द करणे, सेवा बंद करणे, अनामत परत घेणे’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्यावेत.

कागद आधी बँकेच्या मूळ शाखेत न्यावा. तिथे मूळ प्रत, मुलीचं पॅन आणि आधार, फोटो, सहीचा नमुना मागतात. तपासणी होऊन मुखत्यारपत्र खात्याला नोंदलं गेलं की त्या विशिष्ट वजावटीचा यूएमआरएन क्रमांक देऊन ती रद्द करण्याचा अर्ज करायचा. त्यासाठी कंपनीची संमती लागत नाही.

पण एवढ्यावर थांबू नये. पैसे कापणं थांबलं तरी करार चालूच राहतो, बिल चढत जातं आणि पुढे वसुलीचे फोन सुरू होतात. म्हणून कंपनीला वेगळं पत्र द्यावं. त्यात ग्राहक क्रमांक, दोघांचे ओळखपुरावे, मुखत्यारपत्राची साक्षांकित प्रत आणि सेवा बंद करण्याची तारीख असावी. सही स्वतःच्या नावानं, ‘मुखत्यार म्हणून’ असं लिहून करावी. राउटर परत केल्याची पोचही घ्यावी.

कार्ड किंवा यूपीआयवरची वजावट ऑनलाइन बंद करताना ओटीपी किंवा पिन लागतो. ओटीपी वडिलांच्याच मोबाइलवर येतो, म्हणून खर्च वाचवायला तो नंबर आधी बंद करू नये. तो सगळ्यात शेवटी. आरोग्य विम्याचा हप्ता आणि कर्जाचा हप्ता यांना तर हातच लावू नये.

या कागदाची मोठी मर्यादा 1872 च्या भारतीय करार कायद्यात आहे. कलम 201 नुसार, अधिकार देणाऱ्याचं मानसिक भान गेलं किंवा तो वारला, की मुखत्याराचा अधिकार संपतो. वडील कोमात गेले, तर आधी केलेला कागदही उपयोगी पडत नाही. मग पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि तिथे वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी, जवळच्या नातेवाइकांचं म्हणणं, सगळं मागितलं जातं.