शिष्यवृत्तीचा ई-मेल: पाठवणारे खरोखर कॉलेजच आहे का?

परदेशी विद्यापीठाकडे अर्ज धाडला की घरात उत्तराची प्रतीक्षा सुरू होते. अशा वेळी 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे. शिष्यवृत्तीही मंजूर झाली आहे' असा ई-मेल येऊन थडकला, तर तो बारकाईने तपासण्याची इच्छा कोणालाच होत नाही. फसवणूक करणारे नेमका याच मनःस्थितीचा लाभ घेतात. विद्यापीठाचे बोधचिन्ह, ठरावीक रंगसंगती, कुलसचिवांचे नाव आणि स्वाक्षरी या गोष्टी संकेतस्थळावरून कोणालाही उचलता येतात. त्यामुळे पत्र कसे दिसते यावरून त्याचा खरेपणा ठरत नाही. ते कोठून निघाले आणि पैसे कोठे मागते, यावरून तो ठरतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातील एका विद्यार्थिनीने ब्रिटनमधील एका विद्यापीठात एम.एस्सी.साठी अर्ज केला आहे. विद्यापीठाचे संकेतस्थळ `namuna.ac.uk` असे आपण धरू. अभ्यासक्रमाचे वार्षिक शुल्क 22,000 पौंड आहे. तिला आलेल्या ई-मेलमध्ये म्हटले आहे, की तिला 6,000 पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर झाली असून ती निश्चित करण्यासाठी 350 पौंड 'प्रक्रिया शुल्क' 48 तासांत भरावे. पाठवणाऱ्याच्या जागी 'अ‍ॅडमिशन्स ऑफिस' असे नाव झळकते आहे.

नाव नव्हे, पत्ता वाचावा

ई-मेलमध्ये ठळकपणे दिसणारे नाव पाठवणारा स्वतःच लिहीत असतो. तेथे कोणीही काहीही लिहू शकतो. मोबाइलवर बहुधा एवढे नावच दिसते. त्यावर बोट टेकवले की त्यामागचा पत्ता उघडतो. आपल्या उदाहरणात तो पत्ता असा निघाला:

```
admissions@namuna-ac.uk
```

वरवर पाहता यात खटकण्यासारखे काही नाही. पण `namuna` आणि `ac` यांच्यामध्ये टिंब हवे होते, तेथे आडवी रेघ आहे. या एका रेघेने सारे चित्र पालटते. ब्रिटनमध्ये `.ac.uk` हा शेवट असलेले पत्ते 'जिस्क' ही संस्था देते आणि ते पात्र शिक्षणसंस्थांनाच मिळतात. नुसता `.uk` असा शेवट असलेला पत्ता मात्र 2014पासून थोड्या पैशांत कोणालाही घेता येतो. `namuna-ac.uk` हा पत्ता या दुसऱ्या प्रकारातला आहे. त्याचा विद्यापीठाशी काडीचा संबंध नाही.

पत्ता उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय लावली, तर असे डाव लवकर उघडे पडतात. दुव्यांनाही हाच नियम लागू होतो. `https://namuna.ac.uk.namuna-fees.com/login` या दुव्यात विद्यापीठाचा पत्ता जसाच्या तसा आहे. परंतु `https://` नंतर जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडचा भाग मालक सांगतो. येथे तो `namuna-fees.com` आहे. त्याच्या आधी काहीही लिहिण्याची मोकळीक त्या मालकाला असते.

अमेरिकेतील `.edu` हे पत्ते 'एज्युकॉज' ही संस्था देते आणि ते मान्यताप्राप्त उच्चशिक्षण संस्थांसाठीच असतात. भारतात `.ac.in` आणि `.edu.in` यांची नोंदणी 'अर्नेट इंडिया' करते. कॅनडा आणि जर्मनीत मात्र असा राखीव शेवट नाही. तेथील नामवंत विद्यापीठेही साधे `.ca` किंवा `.de` वापरतात. म्हणून 'शेवटी एज्यु आहे ना, मग झाले' हा ठोकताळा पुरेसा नाही. आलेला पत्ता आणि विद्यापीठाचा आपल्याला अन्य मार्गाने ठाऊक असलेला पत्ता अक्षरागणिक जुळला पाहिजे.

तीन 'पास'चा अर्थ

थोडे अधिक खोलात जायचे असेल, तर संगणकावर जीमेल उघडावे, त्या पत्राच्या उजव्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर टिचकी मारावी आणि Show original हा पर्याय निवडावा. आपल्या विद्यार्थिनीला तेथे असे दिसले:

```
From: Admissions Office <admissions@namuna-ac.uk>
SPF:   PASS
DKIM:  'PASS' with domain namuna-ac.uk
DMARC: 'PASS'
```

तिन्ही ठिकाणी 'पास' पाहून अनेकांना हायसे वाटते. परंतु या तीन चाचण्या काय तपासतात, हे समजून घेतले पाहिजे. एसपीएफ ही चाचणी पाहते, की ज्या सर्व्हरवरून पत्र निघाले त्याला त्या पत्त्याच्या मालकाने तशी परवानगी दिली आहे का. डीकेआयएम ही पत्रावरची एक प्रकारची मोहोर आहे. तिच्यावरून पत्र कोणाच्या नावाने निघाले आणि वाटेत बदलले गेले नाही ना, हे कळते. डीमार्क ही चाचणी पाहते, की आपल्याला दिसणारा पत्ता या दोन्हींपैकी निदान एका पत्त्याशी जुळतो का.

थोडक्यात, ही पत्र खरोखर `namuna-ac.uk` येथूनच आल्याची ग्वाही झाली. ते घर भामट्याचेच असल्याने त्याने तिन्ही चाचण्यांची व्यवस्था रीतसर करून ठेवली आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी पत्ता विद्यापीठाचा आहे का ते पाहावे आणि मगच 'पास'कडे वळावे. पत्ता हुबेहूब `namuna.ac.uk` असा दिसत असेल आणि डीमार्कसमोर FAIL असेल, तर विद्यापीठाच्या नावाचा कोणीतरी गैरवापर केल्याचा दाट संशय घ्यावा.

पत्त्याचे वयही बरेच काही सांगून जाते. `.uk` पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या 'नॉमिनेट' या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणताही पत्ता टाकला की तो केव्हा नोंदवला गेला, ते समजते. शंभर वर्षे जुन्या विद्यापीठाचा पत्ता तीन आठवड्यांपूर्वी नोंदवलेला असेल, तर वेगळे काही सांगावे लागत नाही.

कॉलेजला आपल्या वाटेने विचारावे

पत्ता आणि तिन्ही चाचण्या खऱ्या निघाल्या, तरी एक शक्यता उरते. विद्यापीठातील एखाद्या कर्मचाऱ्याचे किंवा विद्यार्थ्याचे खाते चोरले गेले असेल, तर तेथून आलेले खोटे पत्रही प्रत्येक चाचणी उत्तीर्ण होते. तांत्रिक तपासणी खोटे पत्र पकडू शकते. पत्र खरे असल्याचा अखेरचा निर्वाळा ती देऊ शकत नाही. उलट, काही विद्यापीठे अर्जप्रक्रियेसाठी बाहेरची सेवा वापरतात, त्यामुळे खरे पत्रही अनोळखी पत्त्यावरून येऊ शकते.

म्हणूनच अखेरचा निर्णय ई-मेलच्या बाहेर करावा. पत्रातील दुवा, दूरध्वनी क्रमांक किंवा व्हॉट्सअ‍ॅप यांपैकी काहीही वापरू नये. विद्यापीठाचा पत्ता स्वतःच्या हाताने टाइप करावा आणि ज्या खात्यातून अर्ज केला होता, त्यात प्रवेश करावा. प्रवेशाचा देकार तेथे दिसायला हवा. शिष्यवृत्तीविषयी तेथे काही नसेल, तर संकेतस्थळावर दिलेल्या प्रवेश कार्यालयाच्या पत्त्यावर आपला अर्ज क्रमांक लिहून विचारणा करावी. मूळ ई-मेलला 'रिप्लाय' करून विचारल्यास उत्तर भामट्याकडूनच येईल आणि ते अर्थातच 'हो' असेल.

ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावर परदेशी विद्यार्थ्यांना घेण्याचा परवाना असलेल्या संस्थांची यादी उपलब्ध आहे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. या याद्या जरूर पाहाव्यात. पण त्यांवरून संस्था खरी आहे एवढेच कळते. हाती आलेले पत्र त्या संस्थेचे आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत.

पैसे मागितले म्हणजे खोटेच का?

तसे नाही. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे व्हिसासाठी लागणारे 'कॅस' हे प्रवेशनिश्चितीचे पत्र देण्यापूर्वी आगाऊ रक्कम घेतात. ती रक्कम शुल्काचाच भाग असते. मात्र शुल्कातील सवलतीच्या स्वरूपात मिळणारी शिष्यवृत्ती शुल्कातून वजा होते. आपल्या उदाहरणात 22,000मधून 6,000 गेले की 16,000 पौंड भरायचे उरतात. ही वजाबाकी करण्यासाठी विद्यार्थिनीने आधी 350 पौंड द्यावेत, याला काही तर्कच नाही. शिष्यवृत्ती 'मोकळी करण्यासाठी' मागितलेला पैसा हीच धोक्याची मोठी खूण मानावी.

पैसे कोणाच्या खात्यात चालले आहेत, तेही पाहावे. खात्यावर एखाद्या व्यक्तीचे नाव असेल किंवा यूपीआयने पैसे मागितले असतील, तर तेथेच थांबावे. काही विद्यापीठे परकीय चलनासाठी मध्यस्थ कंपनीची सेवा घेतात आणि तेव्हा रुपये त्या कंपनीच्या खात्यात भरावे लागतात, हे खरे आहे. पण तेथे पोहोचण्याची वाट विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावरूनच जायला हवी.

कॅनडातील धडा

खोट्या पत्राची किंमत नेहमी लगेच चुकवावी लागते असे नाही. 2023मध्ये कॅनडात प्रामुख्याने पंजाबमधून गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांवर मायदेशी परत पाठवले जाण्याची वेळ आली. दलालाने त्यांना दिलेली प्रवेशपत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले होते. काहींच्या बाबतीत हे उघड झाले ते शिक्षण आटोपून, कायम वास्तव्यासाठी अर्ज केल्यानंतर. पत्र खोटे असल्याची आपल्याला कल्पनाच नव्हती, असे अनेकांचे म्हणणे होते. त्यानंतर 1 डिसेंबर 2023पासून कॅनडा सरकारने विद्यार्थ्यांचे प्रत्येक प्रवेशपत्र थेट शिक्षणसंस्थेकडून पडताळून घेण्यास सुरुवात केली. सरकारला जी खात्री करून घ्यावीशी वाटते, ती पैसे भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने आणि पालकांनी करून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

पैसे गेलेच असतील, तर प्रथम बँकेला कळवावे आणि 1930 या क्रमांकावर किंवा `cybercrime.gov.in` येथे तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. बनावट पानावर पासवर्ड टाकला असेल, तर खऱ्या संकेतस्थळावर जाऊन तो तातडीने बदलावा. आणि रागाच्या भरात तो ई-मेल पुसून टाकू नये. पत्राच्या छायाचित्रात फक्त मजकूर उरतो. ते कोठून निघाले याची नोंद मूळ ई-मेलमध्येच असते आणि तपासात तीच उपयोगी पडते.